मागे घेतलेल्या निबंधांचा माग

२०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्पेनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ७४४७ माणसांचे तीन गट केले होते. एका गटाला भूमध्यसागरी पद्धतीचा आहार आणि सोबत ऑलिव्हचं तेल, दुसऱ्याला तोच आहार आणि सोबत अक्रोड-बदामासारखा सुकामेवा, तर तिसऱ्याला फक्त स्निग्ध पदार्थ कमी खाण्याचा सल्ला. जवळपास पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि अशा कारणांनी होणारे मृत्यू मिळून साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसले. चाचणीचं नाव प्रेडिमेड. आहार आणि हृदयविकार यांवर लिहिणाऱ्या जगभरातल्या माणसांनी हा निबंध आपल्या संदर्भसूचीत घेतला.

जून २०१८ मध्ये त्याच जर्नलने हा निबंध मागे घेतला. आणि त्याच वेळी त्याच चाचणीची पुन्हा तपासलेली आकडेवारी, त्याच संशोधकांच्या गटाची, नव्या निबंधाच्या रूपात छापली.

आता समजा, आहारशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर २०१३ च्या निबंधाची पीडीएफ आहे. तिच्या आधीच्या बॅचच्या कुणीतरी पेन ड्राइव्हवरून दिलेली. आकडे नीट, आलेख नीट, जर्नल नामांकित. त्या फाइलमध्ये काहीही बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. निबंध मागे घेतल्याची सूचना ही वेगळी वस्तू आहे. ती जर्नलच्या संकेतस्थळावर, वेगळ्या पानावर, स्वतःचा वेगळा क्रमांक घेऊन बसलेली असते. डाउनलोड झालेल्या प्रतीला ती कधीच कळत नाही. जमीन घेणारा माणूस दहा वर्षांपूर्वीच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर विसंबत नाही. ताजा उतारा काढून मधल्या काळात कुठला फेरफार नोंदला गेला ते बघतो. संदर्भ देण्याआधी करायची तपासणी नेमकी या फेरफाराची आहे, आणि पुढच्या पानांचा विषयही तेवढाच आहे. निबंध चांगला की वाईट हा प्रश्न इथे नाही. छापल्यानंतर त्याचं अधिकृतपणे काय झालं, एवढंच शोधायचं आहे.

प्रेडिमेडचं काय झालं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण ‘मागे घेतला’ एवढं कळल्याने काम भागत नाही हे त्यातून दिसतं.

जॉन कार्लाइल हे इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ. २०१७ साली त्यांनी ५०८७ चाचण्यांच्या अहवालांवर एक साधी पण चिवट कसोटी लावली. माणसं खरोखर चिठ्ठी टाकावी तशी गटांत वाटली असतील, तर सुरुवातीला त्या गटांचं सरासरी वय, वजन, उंची यांत थोडाफार फरक पडणार. पण तो किती पडेल याला गणिती मर्यादा आहे. फरक संशयास्पदरीत्या जास्त असेल किंवा संशयास्पदरीत्या कमी असेल, तर वाटणीत काहीतरी गडबड आहे. या चाळणीत प्रेडिमेड अडकली. मग स्पेनमधल्या संशोधकांनी स्वतः जुनी कागदपत्रं उकरली. एकाच घरातली दुसरी व्यक्ती चाचणीत आली की तिला चिठ्ठीविना पहिल्या व्यक्तीच्याच गटात घातलं गेलं होतं. एका केंद्रावर तर एका दवाखान्याच्या सगळ्याच माणसांना सरसकट एक गट दिला होता. शेजाऱ्याला फुकट तेल मिळतं आणि आपल्याला नाही, अशी गावात कुरबूर झाली. तिथल्या संशोधकाने तोडगा काढला आणि तो बाकीच्यांना सांगितला नाही. अशा वाटणीतून आलेली, किंवा तसा संशय असलेली, १५८८ माणसं निघाली. म्हणजे पाचातला एक.

ही लबाडी नव्हती. त्या १५८८ जणांना वगळून पुन्हा हिशेब केला, तेव्हा आकडे जवळपास पूर्वीसारखेच आले. पण चिठ्ठ्या नीट टाकल्या गेल्या नाहीत म्हटल्यावर, आहारामुळेच आजार कमी झाला असं ठामपणे म्हणण्याचा आधार सैल झाला. म्हणून २०१८ च्या निबंधाने दावा आवरता घेतला: हा आहार दिलेल्या गटांत हृदयविकाराच्या घटना कमी आढळल्या, एवढंच. वरच्या विद्यार्थिनीने २०१३ चं वाक्य उचलून ‘या आहाराने धोका घटतो हे सिद्ध झालं आहे’ असं लिहिलं, तर ती लेखकांनी स्वतः सोडून दिलेला दावा त्यांच्याच नावावर पुन्हा चढवते. उलट, मागे घेतलेला निबंध म्हणजे खोटा निबंध असं समजून तिने प्रेडिमेडला पूर्ण फाटा दिला, तर एक वापरण्याजोगा पुरावा ती घालवते. दोन्ही चुका सूचना न वाचल्याने होतात.

अशा सूचना मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. शुद्धिपत्र म्हणजे अमुक तक्ता, अमुक आकडा चुकला होता, बाकी निबंध उभा आहे. दुसरी, साशंकतेची सूचना: संपादकांना शंका आहे, चौकशी चालू आहे, वाचकांनी जपून वाचावं. आणि तिसरी, निबंध मागे घेतल्याची: त्यातल्या निष्कर्षांवर आता विसंबता येत नाही. या तिन्ही पायऱ्या एकाच निबंधाने दोन आठवड्यांच्या आत उतरल्याचं उदाहरण २०२० चं आहे. २२ मे रोजी ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा निबंध आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ कोविड रुग्णांची माहिती त्यात असल्याचं म्हटलं होतं आणि हे औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त असल्याचा निष्कर्ष होता. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. इकडे ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांच्या आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की निबंधात त्यांच्या देशातले जेवढे मृत्यू दाखवलेत, तेवढे त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशात झालेलेच नाहीत. आधी शुद्धिपत्र आलं: आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात मोजलं गेलं. जूनच्या सुरुवातीला साशंकतेची सूचना आली. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला, कारण सर्जिस्फिअर नावाच्या ज्या कंपनीकडून ही माहिती आली होती, तिने मूळ माहिती तपासणीसाठी द्यायला नकार दिला.

शुद्धिपत्र पाहून ‘चला, एका रुग्णालयाची चूक होती, सुधारली’ असं म्हणून पुढे गेलेला वाचक चार-पाच दिवसांत तोंडघशी पडला असता. शुद्धिपत्र आलं म्हणजे प्रकरण मिटलं असं नसतं. कधी कधी ते प्रकरणाचं पहिलं पान असतं.

एवढा गाजावाजा होऊनही पुढे काय झालं? याच कंपनीच्या माहितीवर बेतलेला आणखी एक निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला होता, तोही त्याच दिवशी मागे घेतला गेला. ‘सायन्स’ने २०२१ च्या सुरुवातीला या दोन निबंधांचा संदर्भ देणारे २०० लेख तपासले. निम्म्याहून जास्त लेखांनी ते निबंध पुरावा म्हणून बिनदिक्कत वापरले होते, मागे घेतल्याचा उल्लेखही न करता. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गाजलेल्या प्रकरणाची ही गत. ज्याची बातमी कुठेच येत नाही अशा निबंधाची कल्पना करावी.

मग तपासायचं कसं? सुरुवात डीओआय क्रमांकापासून. प्रेडिमेडच्या जुन्या निबंधाचा क्रमांक 10.1056/NEJMoa1200303 असा आहे. ब्राउझरमध्ये https://doi.org/ लिहून त्यापुढे तो जोडला, की प्रकाशकाचं मूळ पान उघडतं. विद्यार्थी बहुतेकदा सर्च इंजिनने दाखवलेली पहिली पीडीएफ उघडतात. ती कुठल्या तरी विद्यापीठाच्या संग्रहातली किंवा लेखकाने स्वतः चढवलेली असते आणि तिच्यावर सूचनेचा मागमूसही नसतो. म्हणून जायचं ते प्रकाशकाच्या पानावरच. तिथे शीर्षकाच्या आधी RETRACTED हा शब्द, पानाच्या माथ्यावर पट्टी किंवा सूचनेचा दुवा दिसायला हवा. बऱ्याच पानांवर Check for updates असं लिहिलेलं क्रॉसमार्कचं बटण असतं. अनेक पीडीएफच्या पहिल्या पानावरही असतं. ते दाबलं की प्रकाशकाने नोंदवलेले नंतरचे बदल दिसतात. पीडीएफची प्रिंट काढली, तर ते बटण नुसतं चित्र उरतं.

वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय विषयांसाठी दुसरा थांबा पबमेड. मागे घेतलेल्या निबंधाच्या नोंदीवर तिथे ठळक इशारा असतो आणि सूचना कुठे छापली आहे त्याचा दुवा असतो. शुद्धिपत्र असेल तर Erratum in या ओळीखाली, साशंकतेची सूचना असेल तर Expression of concern in खाली. एखाद्या विषयावरचे मागे घेतलेले सगळे निबंध एकदम पाहायचे असतील, तर शोधचौकटीत असं लिहायचं:

```
"Retracted Publication"[pt] AND mediterranean diet
```

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आपल्या शिफारशींत स्पष्ट म्हणते, की मागे घेतलेल्या निबंधांचा संदर्भ आपण देत नाही ना हे पाहण्याची जबाबदारी लेखकाची आहे. अपवाद फक्त निबंध मागे घेतला गेला हेच सांगायचं असेल तेव्हाचा. मेडलाइनमध्ये असलेल्या नियतकालिकांपुरता पबमेडचा शब्द ती प्रमाण मानते. त्यामुळे ‘गाइडने दिलेली यादी होती’ हे उत्तर परीक्षकापुढे टिकत नाही.

वैद्यकाबाहेरच्या माणसाला पबमेडचा उपयोग थोडाच. त्याच्यासाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह आहे. इव्हान ओरान्स्की आणि अ‍ॅडम मार्कस या दोन पत्रकारांनी २०१० मध्ये हे काम सुरू केलं. मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणारं एकही धड ठिकाण नाही, हे पाहून पुढे त्यांच्या गटाने हाताने संग्रह उभा केला. २०२३ मध्ये डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने तो विकत घेतला आणि सगळ्यांना मोफत खुला केला. आता तो संपूर्ण तक्ता सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेता येतो. त्यात OriginalPaperDOI या स्तंभात मूळ निबंधाचा क्रमांक, RetractionDOI मध्ये सूचनेचा, RetractionNature मध्ये सूचनेचा प्रकार आणि Reason मध्ये कारण असतं.

दोनशे संदर्भांची यादी एकेक करून तपासणं कंटाळवाणं आहे, पण ही फाइल आणि आपल्या यादीतले डीओआय एक्सेलमध्ये शेजारी ठेवून जुळवले, तर काम एका बैठकीत होतं. इथे एक बारीक खोच आहे. आपल्या यादीत डीओआयच्या आधी https://doi.org/ चिकटलेलं असतं, शेवटी पूर्णविराम राहून गेलेला असतो, कुठे नको तिथे एक मोकळी जागा असते. डोळ्यांना दोन्ही क्रमांक सारखे दिसतात, यंत्राला नाही. मग जुळणी शून्य येते आणि माणूस निश्चिंत होतो. म्हणून आधी क्रमांक साफ करायचे. आणि मग मागे घेतला असल्याचं पक्कं माहीत असलेला एक क्रमांक, उदाहरणार्थ प्रेडिमेडचा, मुद्दाम यादीत घालून बघायचा. तो पकडला गेला नाही, तर जुळणीच चुकते आहे.

एकाच निबंधापुरतं बघायचं असेल तर क्रॉसरेफला थेट विचारता येतं:

```
https://api.crossref.org/works?filter=updates:10.1056/NEJMoa1200303
```

हे ब्राउझरमध्ये टाकलं की त्या निबंधाला लागू होणाऱ्या नोंदवलेल्या सूचना मागितल्या जातात. उत्तरात update-to या भागात type समोर retraction, correction असे प्रकार लिहिलेले असतात. आणि total-results समोर 0 आलं तर? त्याचा अर्थ इतकाच, की अशी सूचना कुणी नोंदवलेली नाही. प्रकाशकाने सूचना छापली पण मूळ क्रमांकाशी जोडून नोंदवली नाही, असं होतं. जुन्या काळात छापील अंकाच्या मागच्या पानावर आलेल्या चार ओळी कधी डिजिटल झाल्याच नाहीत, असंही होतं. ज्या नियतकालिकांना डीओआयच नाही, आणि आपल्याकडच्या विद्यापीठीय व भाषिक नियतकालिकांत ती पुष्कळ आहेत, तिथे ही सगळी यंत्रणा आंधळी आहे. तिथे नंतरच्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळणं आणि संपादकांना पत्र टाकणं हाच मार्ग उरतो.

झोटेरो वापरणाऱ्यांची मेहनत बरीच वाचते. २०१९ पासून हे सॉफ्टवेअर रिट्रॅक्शन वॉचच्या संग्रहाशी आपली यादी आपोआप ताडून बघतं. मागे घेतलेल्या निबंधावर लाल पट्टी येते आणि लेखात तो संदर्भ घालायला गेलं तर इशारा मिळतो. मात्र तेही डीओआय किंवा पबमेडच्या क्रमांकावर चालतं. संदर्भ हाताने टंकलेला असेल आणि क्रमांकाची जागा मोकळी असेल, तर पट्टी येणार नाही.

सगळीकडे शोधूनही सापडत नाहीत अशाही चुका असतात, आणि त्याचं उत्तम उदाहरण अर्थशास्त्रातलं आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये लिहिलं, की सरकारी कर्ज सकल उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांची सरासरी वाढ शून्याच्याही किंचित खाली, उणे ०.१ टक्का असते. काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या राजकारण्यांना हे हवंच होतं. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या मॅसॅच्युसेट्समधल्या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल फाइल मिळवली. सरासरी काढताना सूत्राची कक्षा पाच ओळी आधीच संपली होती; ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क गाळले गेले होते. त्यावर काही वर्षांची माहिती वगळण्याचे आणि देशांना भार देण्याच्या पद्धतीचे प्रश्न होतेच. सगळं धरून हर्न्डन आणि त्याच्या प्राध्यापकांच्या हिशेबात ती सरासरी २.२ टक्के आली. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, बाकीच्या आक्षेपांवर वाद घातला. निबंध मागे घेतला गेला नाही. म्हणजे मागे घेतलेल्या निबंधांच्या कुठल्याही यादीत तो सापडणार नाही. तो सापडतो त्याला उत्तर देणारे लेख वाचणाऱ्याला. म्हणून ज्या निबंधावर आपल्या युक्तिवादाचा भार आहे, त्याचा संदर्भ नंतर कुणी दिला आणि काय म्हणून दिला, हे गुगल स्कॉलरच्या Cited by या दुव्यावरून निदान वरवर तरी बघावं लागतं. सगळ्या दोनशे संदर्भांसाठी हे शक्य नाही. पाच-सात आधारस्तंभांसाठी शक्य आहे.

आणखी एक वाट अवघड आहे, ती दुसऱ्या हाताच्या संदर्भाची. प्रेडिमेडच्या माहितीवर मधुमेह, स्मरणशक्ती, वजन अशा विषयांवरचे दोनशेहून अधिक उपनिबंध निघाले. मुख्य निबंध मागे घेऊन नव्याने छापला गेला, तरी ते आपोआप दुरुस्त झाले नाहीत. त्यांच्या पानांवर कुठलीही पट्टी नसू शकते, पण माणसं तीच आणि वाटणीही तीच. अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करणाऱ्या आढावा-लेखांचंही तेच. आढावा स्वच्छ, पण त्यात मोजलेल्या दहापैकी एक चाचणी नंतर मागे घेतली गेलेली. अशा वेळी आढाव्याचा डीओआय तपासून उपयोग नाही. त्याच्या तक्त्यातल्या चाचण्यांचे डीओआय तपासायचे, आणि दोषी चाचणीचा वाटा मोठा असेल तर एकत्रित आकडा तसाच उचलायचा नाही.

हे सगळं केव्हा करायचं, याचं उत्तर सर्जिस्फिअरच्या तारखांत आहे. मसुदा लिहिताना केलेली तपासणी सहा महिन्यांनी लेख पाठवताना शिळी झालेली असते, आणि स्वीकृतीनंतर मुद्रितशोधन येईपर्यंत पुन्हा काही महिने जातात. शेवटची फेरी त्या मुद्रिताच्या वेळी करावी. संदर्भ बदलण्याची ती शेवटची सोयीची संधी.

आणि मागे घेतलेल्या निबंधाचा उल्लेख करणं भागच असेल, तर तो उघड करायचा. प्रेडिमेडबद्दल लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने निष्कर्षासाठी २०१८ चा निबंध द्यावा, 10.1056/NEJMoa1800389 या क्रमांकाचा. २०१३ च्या दाव्याने आहारसल्ल्यांवर कसा प्रभाव टाकला हे तिला सांगायचं असेल, तर जुना निबंधही यादीत येईल. पण त्याच्या नोंदीतच तो मागे घेतल्याचं लिहिलेलं असेल आणि सूचनेचा स्वतःचा क्रमांक, 10.1056/NEJMc1806491, शेजारी दिलेला असेल. मजकुरातही अर्धं वाक्य खर्च करावं: ‘नंतर मागे घेऊन सुधारित रूपात पुन्हा छापलेल्या निबंधात’. नुसती संदर्भसूचीतली खूण पुरत नाही, कारण शेवटची पानं उलटून बघणारे वाचक फार थोडे असतात.